आठ फुटांची तडजोड

दावा रस्त्याचा होता. कृष्णाकाठचे दोन सख्खे भाऊ. वाटण्या वडिलांच्या हयातीतच झालेल्या, सातबारे वेगळे. धाकट्याचं रान आत, थोरल्याचं डांबरी सडकेला लागून. थोरल्याने एका उन्हाळ्यात बांधालगत दगड रचून वाट अडवली आणि धाकटे, ज्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात, माझ्याकडे आले. वहिवाटीचा हक्क जाहीर करून मिळावा आणि कायम मनाई मिळावी, असा दावा आमच्या तालुका कोर्टात लावला. मुद्दे निघाले, अण्णांची सरतपासणी झाली, आणि उलटतपास सुरू व्हायच्या सुमारास भावकीतल्या चार जणांनी दोघांना एकत्र बसवलं.

तडजोडीचा मसुदा म्हणून गावातून जो कागद आला त्यात एकच ओळ होती : ‘प्रतिवादीने वादीचा रस्ता मोकळा सोडावा.’ असा कागद हुकूमनामा झाला तर बेलिफ रानात जाऊन करणार काय? कुठला रस्ता, किती रुंद, कुठून कुठे, हे त्याला सांगणार कोण? थोरल्या भावाचे वकील आणि मी मिळून तो पुन्हा लिहिला. सडकेपासून दक्षिण बांधाच्या कडेने अण्णांच्या गटाच्या हद्दीपर्यंत, रुंदी दहा फूट, बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ऊसवाहतुकीसाठी. दगड कुठल्या तारखेपर्यंत काढायचे तेही घातलं आणि हातनकाशा परिशिष्ट म्हणून जोडला.

भावांना विहिरीच्या पाण्याच्या पाळ्याही त्यातच लिहायच्या होत्या. विहीर होती थोरल्याच्या दुसऱ्या गटात, दाव्याच्या बाहेर. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या 1976 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 फेब्रुवारी 1977 पासून, दाव्याच्या विषयाबाहेरची गोष्टही पक्षकारांपुरती तडजोडीत घेता येते. पण दाव्यात नसलेल्या स्थावरावर हुकूमनाम्याने नवा हक्क दिला, तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 मधली सूट मिळत नाही. तेवढ्यापुरता तो नोंदवावा लागतो. म्हणून पाण्याचा स्वतंत्र दस्त दुय्यम निबंधकाकडे करा, असं दोघांना सांगितलं. कुरकुरत का होईना, केला.

आता तडजोड कोर्टापुढे ठेवली तो दिवस. संहितेचा आदेश 23 नियम 3 सांगतो की तडजोड लेखी हवी, पक्षकारांच्या सह्यांची हवी, कायदेशीर हवी आणि ती झाल्याबद्दल कोर्टाची खात्री पटली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ही खात्री दोन मिनिटांत पटते. आमच्या न्यायाधीश मॅडमची पद्धत वेगळी होती. त्यांनी दोघा भावांना पुढे बोलावलं, शिरस्तेदाराला एकेक कलम मोठ्याने वाचायला लावलं आणि प्रत्येक कलमाला थोरल्यांकडे पाहून विचारलं, “समजलं का? मान्य आहे?”

रुंदीच्या कलमाला थोरले थांबले. “मॅडम, दहा नाही. आठ. दहा सोडले तर माझी अख्खी सरी जाते.”

कोर्टात कुजबुज झाली. मला वाटलं, तडजोड फिसकटली. अण्णा लालबुंद झाले होते. त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं, ते बराच वेळ काही बोलेनात, मग म्हणाले, “आठ तर आठ. पण आजच मिटवा, वकीलसाहेब.” आत आलो. ‘दहा’वर आडवी रेघ मारून वर अक्षरात ‘आठ’ लिहिलं, नकाशातही बदललं, आणि दोन्ही ठिकाणी दोघा भावांनी बाजूला सह्या केल्या. दोन्ही वकिलांनी आपापले पक्षकार ओळखले. तडजोड पुरसिसला, म्हणजे त्या सह्या केलेल्या तडजोडपत्राला, कोर्टाच्या दप्तराचा क्रमांक म्हणजे निशाणी पडली. रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या तारीखवार नोंदीत, मॅडमनी लिहून घेतलं : अटी वाचून दाखवल्या, प्रतिवादीच्या सांगण्यावरून कलमात दुरुस्ती झाली, उभयतांनी मजकूर स्वखुशीने मान्य केला. खाली हुकूम : तडजोडीप्रमाणे दावा निकाली, तडजोडपत्र हुकूमनाम्याचा भाग समजावा.

दगड निघाले. दोन गळीत हंगाम ऊस त्या वाटेने गेला. मग थोरल्यांनी वकील बदलला आणि नवा दावा लावला. म्हणणं असं, की मुदतवाढीचा अर्ज आहे असं भासवून माझी सही घेतली, तडजोड काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मागणी मोठ्या हुशारीने लिहिली होती. ‘हुकूमनामा रद्द करा’ असं कुठेच नव्हतं. ‘तो वादीवर बंधनकारक नाही असे ठरवून मिळावे, आणि त्या वाटेने जाण्यास मनाई व्हावी’, असं होतं.

अण्णांची झोप उडाली. “म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?”

नाही, याचसाठी तर आदेश 23 मध्ये नियम 3-अ आहे. तडजोड कायदेशीर नव्हती या कारणावरून हुकूमनामा उलटवायला स्वतंत्र दावा चालत नाही. फसवणुकीने झालेला करार करार कायद्यानुसार रद्द होण्याजोगा असतो, आणि तशी तडजोड कायदेशीर मानायची नाही, हे नियम 3 च्या स्पष्टीकरणातच आहे. म्हणजे ‘मला फसवलं’ हा आक्षेपसुद्धा 3-अ च्या कुंपणाच्या आतच येतो. ‘बंधनकारक नाही’ म्हटलं तरी ते ठरवायला तडजोड बेकायदेशीर होती, इथपर्यंत यावंच लागतं. कायद्यानेच मनाई असलेला दावा सुरुवातीलाच नामंजूर करा, असा आदेश 7 नियम 11(ड) खाली अर्ज दिला आणि वादपत्रातलाच मजकूर दाखवला. वादपत्र नामंजूर झालं.

अनेकांना वाटतं की नव्या दाव्याला आडवं येतं ते पूर्वनिर्णयाचं कलम 11, म्हणजे एकदा निवाडा झालेला वाद पुन्हा उकरता येत नाही हा नियम. काटेकोर बोलायचं तर तसं नाही, कारण तडजोडीच्या हुकूमनाम्यात कोर्टाने वादाचा निवाडा केलेलाच नसतो; पक्षकारांनी जे ठरवलं त्यावर शिक्का मारलेला असतो. पण ज्याने कोर्टापुढे एकदा कबूल केलं त्याला ते नाकारता येत नाही, हा प्रतिबंध मात्र लागू होतो. अपिलाची वाटही कलम 96(3) ने बंद आहे.

मग खरोखर फसलेल्या माणसाने जायचं कुठे? ज्या कोर्टाने तडजोड नोंदली त्याच कोर्टात, त्याच दाव्यात अर्ज घेऊन. पुष्पादेवी भगत प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हाच एक मार्ग उरतो असं सांगितलं आहे. थोरल्यांनीही शेवटी तो अर्ज दिला. मॅडमची तोवर बदली झाली होती; नव्या साहेबांसमोर जुनं रेकॉर्ड आलं. मी फारसा युक्तिवाद केलाच नाही. ती दुरुस्तीची ओळ दाखवली. मुदतवाढीचा अर्ज समजून सही करणारा माणूस रस्ता दहाचा आठ फूट कसा करून घेतो? आपली सही थोरल्यांना नाकारता आली नाही, आणि दुरुस्ती त्यांच्याच सांगण्यावरून झाली हे रोजनाम्यात होतं. अर्ज फेटाळला गेला.

रोजनामा नुसता ‘तडजोड दाखल, दावा निकाली’ असा असता, तर त्या अर्जात दोघांचेही पुरावे घ्यावे लागले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पुढच्या हंगामात अण्णा पुन्हा आले. वळणावर ट्रॉली बसत नव्हती. “दहा फुटांसाठी नवा दावा लावू या का?”

“अण्णा, तुम्हीही आठवर सही केलीय. जे दादांना नडलं तेच तुम्हालाही नडेल. फार तर वळणावरचे दोन फूट दादांकडून विकत मागा आणि दस्त नोंदवून घ्या. ते नाही म्हणाले तर ट्रॉली लहान आणा.”

त्यांनी ट्रॉली बदलली. दादांना विचारलं की नाही, ते त्यांनी मला सांगितलं नाही.