"ते अजून बदलू शकतं"

"इल पार द केल व्वा?" गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवरून सुटणार, एवढंच विचारलं होतं. काचेपलीकडच्या बाईंनी तिकीट सरकवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आफिशे वँ मिन्यूत आवाँ." साधारण वीस मिनिटं आधी बोर्डावर लागेल.

पॅरिसचं गार द ल्याँ स्टेशन. त्याआधीचं सगळं सुरळीत झालं होतं. "बाँजूर मादाम, अँ नाले साँप्ल पूर दिजाँ, सिल वू प्ले", म्हणजे दिजाँचं एकेरी तिकीट. "ल त्राँ ए ता लर?" गाडी वेळेवर आहे का? "दी मिन्यूत द रतार." दहा मिनिटं उशीर. त्यांनी स्क्रीनवर बघून लगेच सांगितलं.

मग प्लॅटफॉर्मच का नाही? मी पुन्हा विचारलं. "सा पॅ शाँजे, मस्य." ते अजून बदलू शकतं.

हे माझ्या दादरी डोक्यात शिरेना. पण इथे एका हॉलमध्ये प्लॅटफॉर्मना अक्षरं आहेत, दुसऱ्यात आकडे. चुकीच्या हॉलमध्ये निवांत बसलात तर सामान ओढत मोठा पल्ला पडतो, आणि तेजेवे या वेगवान गाडीचे दरवाजे सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. अर्धवट माहिती देण्यापेक्षा न दिलेली बरी, असा त्यांचा हिशोब.

पटतो, पण आवडत नाही. बोर्डाखाली शंभर माना वर, आणि अक्षर उमटताच सगळे एकदम पळत सुटतात. आपल्याकडे आधी सांगतात आणि आयत्या वेळी बदलतात. तुम्हाला यातलं कुठलं चालेल?