विहिरी पारनेरच्या, ठिपके आफ्रिकेजवळ

पारनेर तालुक्यातल्या विहिरींची पाहणी आम्ही केली होती. गावागावांतल्या मुलांनी फोनवरचा फॉर्म भरून खोली, पाण्याची पातळी आणि जागा टिपली. 412 नोंदी जमल्या. फाईल QGIS या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि Zoom to Layer दाबलं, तर पडद्यावर आफ्रिकेपासून भारतापर्यंतचा पट्टा आला. पारनेर म्हणजे त्यात एक शाईचा डाग. घानाच्या खाली, भर समुद्रात, आणखी एक ठिपका होता. त्यावर क्लिक केलं तर एकावर एक 23 विहिरी निघाल्या.

ती जागा म्हणजे शून्य अक्षांश, शून्य रेखांश. ग्रीनिचची रेषा घानातल्या तेमा बंदरातून खाली उतरते आणि तिथून सुमारे 600 किलोमीटरवर विषुववृत्ताला छेदते. जमीन नाहीच, हवामानाची मोजमापं घेणारा एक तरंगता बोया तेवढा तिथे नांगरलेला असायचा, स्टेशन 13010. नकाशेवाले या जागेला गमतीने ‘नल आयलंड’ म्हणतात. नॅचरल अर्थ या मोफत नकाशासंचात तर चुका पकडता याव्यात म्हणून तिथे एक चौरस मीटरचं खोटं बेटही ठेवलेलं आहे.

पहिला संशय मी फोनवर घेतला. जीपीएसला उपग्रह सापडले नसतील, झालं. पण मूळ फाईल उघडली तर 23 पैकी 19 नोंदींत जागेचा रकाना चक्क रिकामा होता, शून्य नव्हतंच. शून्य घातलं होतं मी! खोलीच्या रकान्यातल्या मोकळ्या जागा नडत होत्या म्हणून स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकली होती:

```python
df = df.fillna(0)
```

तिने खोलीसोबत अक्षांश-रेखांशही भरून टाकले. ‘माहीत नाही’चं ‘शून्य’ झालं, आणि शून्य ही तर पृथ्वीवरची खरी जागा. संगणक कशाला तक्रार करेल? मोजणी न झालेल्या विहिरींची खोलीही शून्य झाली होती, ते वेगळंच.

उरलेल्या चार नोंदींत मात्र मूळ फाईलमध्येच शून्य होतं. ज्याने त्या भरल्या त्याला फोन केला. तो म्हणाला, “दादा, जागा टाकल्याशिवाय फॉर्म पुढंच जाईना, म्हणून शून्य-शून्य टाकलं.” चूक त्याची नव्हे. रकाना सक्तीचा मीच केला होता.

आता शून्यं गाळली की काम संपलं, असं वाटलं. पण दोन विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडवर सापडल्या. पारनेर साधारण 19.0 उत्तर, 74.44 पूर्व आहे. हे आकडे उलटे टाकले की नेमकं ते बर्फाळ बेट येतं. आणि एक विहीर इथिओपियात, 9.5 आणि 37.2 वर. हे आकडे पारनेरच्या बरोबर निम्मे आहेत. त्या विहिरीची जागा दोनदा टिपली होती, एकदा रिकामी राहिली, तिथे माझं शून्य बसलं आणि पुढच्या ओळीने दोन्हींची सरासरी काढली. म्हणजे `lat == 0` शोधून भागत नाही. शून्य सरासरीत मिसळलं की दिसेनासं होतं.

मग तालुक्याभोवती जरा ऐसपैस चौकट आखली:

```python
lat = pd.to_numeric(df["lat"], errors="coerce")
lon = pd.to_numeric(df["lon"], errors="coerce")
ok = lat.between(18.7, 19.4) & lon.between(74.0, 74.8)
df["loc_ok"] = ok
df.loc[~ok, ["lat", "lon"]] = float("nan")
```

आधी `fillna` ची ओळ काढली, त्याने इथिओपियातली विहीर आपोआप घरी आली. उलटे आकडे गावाचं नाव पडताळून सुलटे केले, आणि मगच ही चौकट लावली. ओळ मात्र एकही उडवली नाही, कारण जागा नसली तरी पाण्याची पातळी खरी आहे आणि तालुक्याच्या सरासरीत ती लागते. सफाईआधी सगळ्या विहिरींचा मध्यबिंदू काढला होता, तो श्रीवर्धनच्या पश्चिमेला तीनशेहून जास्त किलोमीटर अरबी समुद्रात पडत होता. आता तो पारनेरमध्ये आहे.

जागा किती मीटरपर्यंत चुकू शकते हे सांगणाऱ्या अचूकतेच्या रकान्यात शून्य असेल त्या नोंदी गाळाव्यात, असंही कुणी सुचवलं. जीपीएसने घेतलेल्या नोंदीत अचूकता शून्य मीटर येत नाही हे खरं, पण काही फॉर्ममध्ये नकाशावर बोट ठेवून जागा निवडली तरी तिथे शून्यच येतं. त्यावरून गाळलं असतं तर चांगल्या नोंदी गेल्या असत्या. चौकटीचीही मर्यादा आहेच: शेजारच्या गावात चुकून पडलेली विहीर तिला दिसत नाही. आणि मासेमारीच्या बोटींच्या नोंदी असत्या तर शून्य-शून्य पाहून लगेच खोडताही आलं नसतं, बोट तिथे खरंच असू शकते.

23 विहिरींना गावाच्या मध्याचे आकडे देऊन टाकावे, असा मोह झाला होता. पण मग एका गावातल्या सगळ्या विहिरी देवळाच्या पायरीवर जमल्या असत्या. त्यांच्यापुढे फक्त गावाचं नाव ठेवलं आहे. फॉर्ममधली सक्ती काढून ‘जागा मिळाली नाही’ असा पर्याय दिला आहे, आणि रविवारी पोरं पुन्हा निघणार आहेत.