पिन कुणाची?

बुधवार, रात्री

नवा चष्मा आज आला. नंबर तोच, उणे सात. दुकानातून बाहेर पडल्यावर समोरच्या पिंपळाचं पान न् पान दिसलं आणि का कोण जाणे, रडूच आलं. बाळूला सांगितलं, डोळ्यांत धूळ गेली.

चष्मा हरवला त्याचं काही नाही. सोमवारपासून सलतंय ते वेगळंच. त्या पोरीचं तोंड मी पाहिलंच नाही.

औंढ्याचं गर्भगृह तळघरात आहे. एवढंसं तोंड, खाली अरुंद पायऱ्या, आत वाकूनच बसायचं. खालून माणसांची ओली वाफ वर येते. तोंडाशीच काचा धुरकटल्या. पदरानं पुसाव्या म्हणून चष्मा काढला, तेवढ्यात मागून रेटा आला नि हात रिकामा. कुमुदवन्सं, अरुणा सगळ्या पुढं उतरून गेलेल्या. टीचभर अंतरापलीकडं मला नुसते रंग दिसतात. त्या काळोखात तर रंगही नव्हते. भर गर्दीत मी एकटी. हे असते तर... जाऊ दे.

"आजी, कामून थांबल्या?" मागून आवाज. सांगितलं. ती दोन्ही अंगांनी चेपत पुढं आली. माझा हात धरून ओढलं नाही तिनं. म्हणाली, "माझ्या खांद्यावर हात ठिवा. म्या उतरले की तुम्ही उतरा." किती बरोबर केलं! हात धरून ओढलं की पाऊल कुठं टाकायचं तेच कळत नाही. खांद्यावर हात असला की खांदा खाली गेला म्हणजे पायरी आली, हे आपोआप समजतं. हाडकुळा खांदा होता. त्याच्यामागं मी नागनाथापर्यंत गेले. हाताला पाणी लागलं, बेल लागला. झालं दर्शन. वर येताना तोच खांदा भरलेला वाटला. मनात आलं, पदर घेतला असेल गर्दीत.

एका भाऊंनी मोबाईलच्या उजेडात पायऱ्या धुंडाळल्या. मिळाली ती नुसती एक काडी, मी दोरा बांधलेली. बाहेर एका दुकानदारानं बिचाऱ्यानं तयार चष्म्यांचा खोकाच पुढं केला. एकेक चढवून बघितला, जग आणखीच विरघळलं. ते सगळे अधिक नंबरचे, जवळचं वाचायचे. म्हाताऱ्या माणसाला चष्मा म्हणजे वाचायचाच, असं त्याला वाटलं असणार. पैसे घेईना, मीच चष्मा घेईना, असा आमचा तंटा.

मग त्या भाऊंनी गंमत केली. शाळेत विज्ञान शिकवतात म्हणे. माझ्या गोळ्यांचं रिकामं खोकं घेतलं, पोरीकडं पिन मागितली आणि पुठ्ठ्याला बारीक भोक पाडलं. "डोळ्याला अगदी टेकवून बघा, मावशी." बघितलं आणि उडालेच. पांढऱ्या ढगाची आमची गाडी झाली. थोडं जवळ गेल्यावर काचेवरची 'परभणी' ही अक्षरंसुद्धा लागली. ते म्हणाले, उजेड चहूकडून डोळ्यात शिरतो आणि आत पसरतो, म्हणून फिसकटलेलं दिसतं. बारीक भोकातून त्याची नुसती रेघ येते, ती पसरणार किती? आपण डोळे बारीक करून बघतो तेही हेच. मात्र लख्ख ऊन पाहिजे. खाली तळघरात त्या पुठ्ठ्याचा काही उपयोग झाला नसता. आणि चालताना तो डोळ्याला लावला तर पायाखालचं दिसत नाही, धडपडायचीच.

इतकं सगळं बघितलं त्या भोकातून. गाडी बघितली, कळस बघितला, एका पोराच्या हातातला फुगासुद्धा बघितला. ती शेजारीच उभी होती. तिच्याकडं वळवावा पुठ्ठा, हे सुचलंच नाही! गाडीचा नंबर बघायची घाई मला. नंतर म्हणे, "येते आजी," आणि एक गुलाबी ठिपका गर्दीत मिसळला.

औंढ्यालाच हे व्हावं. तिथं नामदेवांना कीर्तनाला मागच्या बाजूला धाडलं, तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं म्हणतात. नंदी म्हणून मागं राहिला. माझ्यासाठी देवळानं फिरायची गरज नव्हती. मीच एवढीशी मान फिरवायची होती.

उद्या बाजारात भेटली तर मी ओळख न देता निघून जाईन. तिला वाटेल, काय म्हातारी आहे!

आज शेवटी राहवेना म्हणून कुमुदवन्संना फोन लावला. विचारलं, "वन्सं, ती पोरगी दिसायला कशी होती हो?"

"कोणती? तुम्हाला खाली घेऊन आली ती, का वर घेऊन गेली ती?"

पिन माझ्या पदरालाच आहे अजून. आता ही कुणाची म्हणायची?