यादीत लिहिलेला व्हीलपाना

एफआयआरवर सही करायचा अधिकार शिपायाला नसतो. ठाण्याचे प्रभारी अधिकारी नसतील तर हजर असलेल्यांपैकी त्यांच्या खालोखालचा माणूस ते काम बघतो, पण तोही हवालदार किंवा त्याच्या वरचा लागतो. मी शिपाई, रात्रपाळीला ठाणे अंमलदाराचा मदतनीस. आलेल्या माणसाला बसवायचं, विचारायचं, लिहायचं, कॉम्प्युटरवर भरायचं आणि सहीला पुढे सरकवायचं. त्यामुळे ‘निर्णय’ माझा नव्हताच, असं मी आजही म्हणू शकतो. घरी बायकोला तेच सांगितलं होतं. तिने काही ऐकून घेतलं नाही.

पुण्याच्या एका उपनगरातलं ठाणं, नाव सांगत नाही. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री सव्वाच्या सुमाराला मित्राच्या मोटरसायकलवर बसून एक पोरगा आला, पंचविशीच्या आतला. डावा हात पंच्यात गुंडाळून छातीशी धरला होता. त्याला बस म्हटलं तरी बसेना, कारण बसताना हात हलत होता. टँकरवर ड्रायव्हर होता. तीन महिन्यांचा पगार थकला म्हणून मालकाच्या पार्किंगवर मागायला गेला, तिथे बाचाबाची झाली आणि मालकाने मारलं.

“मालक कोण?”

त्याने नाव सांगितलं आणि माझ्या शेजारी बसलेल्या हवालदार काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

आमच्या हद्दीत त्या माणसाला सगळे शेठ म्हणतात. टँकर, पार्किंगचे ठेके, एक मंगल कार्यालय आणि प्रत्येक पक्षात एकेक भाचा. आमच्या दारातल्या बॅरिकेडवर ‘सौजन्य’ म्हणून त्याचंच नाव आहे. पोरगा त्याच बॅरिकेडला वळसा घालून आत आला होता. आणि हे सांगायला मला जड जातं, पण एप्रिल-मेमध्ये आमच्या पोलीस लाइनीत पाण्याची बोंब झाली की शेठचा टँकर येतो, फुकट. माझी बायको त्याच टँकरला पाइप लावून दोन पिंपं भरते.

काका म्हणाले, “एनसी घे. हाताबुक्क्यांनी मारहाण, शिवीगाळ, दमदाटी. सकाळी साहेब बघतील.”

बाहेरच्या माणसाला इथली मेख कळत नाही म्हणून थोडं थांबून सांगतो. हाताने मारून साधी दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) लागतं आणि ते अदखलपात्र आहे. एनसीचा कागद मिळतो आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तीच दुखापत धोकादायक हत्याराने झाली की कलम ११८ लागतं. ते दखलपात्र, म्हणजे एफआयआर. मधे फरक एका शब्दाचा. फिर्यादी ‘पान्याने मारलं’ म्हणतो आणि जबाबात ‘मारहाण केली’ एवढंच उतरतं. खोटं काहीच लिहिलेलं नसतं. सहा वर्षांच्या नोकरीत तो शब्द गळताना मी बऱ्याचदा पाहिलाय, एक-दोनदा माझ्याच हातून गळलाय.

पण जखमी माणूस आला की आधी दवाखाना. त्यासाठी ठाण्यातून मेडिकल यादी द्यावी लागते: जखमीचं नाव, वय, कशाने मार लागला, सोबत कोण पाठवला. खाली कार्बन घालून दोन प्रती. मी लिहायला घेतली.

“कशाने मारलं?”

“व्हीलपान्याने साहेब. टायरचे नट खोलायचा. एवढा.” त्याने उजव्या हाताने माप दाखवलं, कोपरापासून बोटांपर्यंत.

मी लिहिलं, ‘लोखंडी व्हीलपान्याने’. मुद्दाम लिहिलं की हाताच्या सवयीने, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. काकांनी न वाचता सही मारली. यादीने काय होतंय, असाच आमचा सगळ्यांचा समज असतो. बीटच्या पोराला सोबत देऊन दोघांना ससूनला रवाना केलं आणि स्टेशन डायरीला नोंद घेतली, वेळ एक वाजून पन्नास मिनिटं.

अडीचला फोन वाजायला लागले. पहिला काकांच्या मोबाइलवर. “हो… हो… नाही, अजून काही घेतलेलं नाही,” एवढंच मला ऐकू येत होतं. तीनला शेठचा मॅनेजर स्वतः आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, रात्री तीनला. हात जोडून मला ‘साहेब’ म्हणाला आणि तक्रारच घेऊन आला: हा ड्रायव्हर टँकरमधलं डिझेल चोरतो, आज पकडला, पळताना पडला आणि हात दुखावला.

याला आम्ही क्रॉस म्हणतो. समोरच्याची फिर्याद व्हायच्या आत आपली नोंदवायची. पहिला नंबर ज्याचा, त्याची गोष्ट खरी वाटते आणि दुसऱ्याची बचावासारखी. शिवाय दोन्हीकडे गुन्हे झाले की आठवड्याभरात दोघंही तडजोडीला तयार होतात. चोरीची तक्रार खोटीच आहे असं म्हणायचा मला अधिकार नव्हता, असेलही खरी. मी त्याचा अर्ज घेतला आणि डायरीला नोंदवला, तीन वाजून दहा मिनिटं. पोराची नोंद त्याच्या वरच्या ओळीत होती, तेवढंच मनाशी धरलं.

मॅनेजर गेल्यावर काकांनी यादीचं पुस्तक ओढून दुसरी प्रत वाचली. बराच वेळ वाचली.

“हा पाना कशाला घातलास?”

“त्याने सांगितलं.”

“सांगतात रे सगळेच. दुसरी यादी कर. हाताने मारहाण असं लिही. पोरगा अजून तिथं लाइनीतच बसला असेल, बीटवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठव, तो बदलून देईल.”

काकांना रिटायर व्हायला आठ महिने होते. वाईट माणूस नाही. कोविडमध्ये मी पडलो तेव्हा डबा आणून देणारा तोच. त्या क्षणी मला राग आला नाही, पोटात खड्डा पडला. डोळ्यापुढे पिंपं आली, मुलीची शाळा आली, बदलीचा कागद आला. मी उठून बाहेर गेलो, बॅरिकेडला टेकून उभा राहिलो. समोर रस्त्यावर शेठचाच एक टँकर पाणी सांडत चढाला लागला होता.

नवी यादी केली असती तर पुस्तकातला नंबर पुढचा पडला असता आणि जुनं पान फाडावं लागलं असतं. ससूनच्या डॉक्टरने पहिली यादी बघून आपल्या कागदात ‘लोखंडी वस्तूने मारल्याचं सांगतो’ असं लिहिलं असेल तर ते पान कोण फाडणार होतं? आणि उद्या कोर्टात दोन्ही कागद समोर आले तर खाली अक्षर कुणाचं? माझं. खरं सांगायचं तर मी धाडस केलं नाही, मला त्या फाडलेल्या पानाची भीती जास्त वाटली. शेठची भीती त्याहून थोडी कमी होती, एवढंच.

आत येऊन म्हणालो, “काका, नाही करत. यादी गेली ती गेली.”

ते काही बोलले नाहीत. खुर्ची भिंतीकडे वळवून बसले.

पावणेपाचला पोरगा परत आला, हाताला प्लॅस्टर आणि काखेत एक्स-रेचं पाकीट. कोपराच्या खालचं आतल्या बाजूचं हाड मोडलं होतं. मी जबाब त्याच्याच शब्दांत घेतला, वाचून दाखवला. ‘शेठने पहिला फटका डोक्यावर मारला, मी हात आडवा धरला,’ हे वाक्य तिथे आलं. हात आडवा धरला की मोडतं ते हेच हाड. पळताना पडला म्हणणाऱ्या मॅनेजरची आठवण झाली. हे ठरवणं तपासाचं काम, माझं नव्हे, पण डोक्यात आलं खरं.

ड्युटीवरचे पीएसआय साहेब राउंडवरून साडेपाचला आले. त्यांनाही फोन गेला होता हे चेहऱ्यावरून कळलं. म्हणाले, “असं करू, प्राथमिक चौकशीला ठेवू. चौदा दिवस मिळतात.”

ही सोय नव्या कायद्यात खरंच आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, एसीपींच्या परवानगीने, दाखल करण्याआधी चौदा दिवसांत चौकशी करता येते. हत्याराने साधी दुखापत, म्हणजे ११८(१), तीन वर्षांची. बरोबर त्या फटीत बसते. चौदा दिवसांत पोरगा गावाला गेला असता, पाना कुठल्या तरी विहिरीत.

मी एक्स-रेचं पाकीट पुढे केलं. “साहेब, फ्रॅक्चर आहे.”

हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापत. हत्याराने गंभीर दुखापत म्हणजे ११८(२), शिक्षा जन्मठेपेपर्यंत. तिथे ती चौदा दिवसांची सोय लागू होत नाही. आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर नोंद करायचीच, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. हे मी साहेबांना सांगितलं नाही, त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला, डायरीतल्या दोन्ही वेळा पाहिल्या.

“यादी कोणी लिहिली?”

“मी साहेब.”

त्यांनी मोठ्या साहेबांना झोपेतून उठवलं. पलीकडचं बोलणं ऐकू आलं नाही. साहेब “हाड मोडलंय सर… यादीवर हत्यार आहे… हो, ससूनचे पेपर आहेत” एवढं म्हणाले आणि फोन ठेवून मला म्हणाले, “घे भरायला.” मोठ्या साहेबांना शेठचा पुळका नव्हता की राग नव्हता. कागद आपल्या अंगावर येऊ नये, एवढंच त्यांनी पाहिलं असावं. सहा पंचवीसला गुन्हा रजिस्टर नंबर पडला. पोराची सही घेतली आणि एक प्रत हातात दिली. तो विचारत होता, किती पैसे द्यायचे. म्हटलं, फुकट असते.

तीन आठवड्यांनी मला समन्स-वॉरंट बजावायच्या कामाला टाकलं. दिवसभर उन्हात मोटरसायकल. शिक्षा म्हणावी तर म्हणता येत नाही, कुणीतरी ते काम करतोच. लाइनीत त्या वर्षी टँकर आला नाही. शेजारच्या वहिनींनी बायकोला तोंडावर काही म्हटलं नाही, पण नळाच्या रांगेत तिच्यापुढे आता कुणी सरकून जागा देत नव्हतं.

शेठला जामीन झाला. दोनेक महिन्यांनी तो पोरगा ठाण्यात आला, मी टपाल न्यायला आत होतो. प्लॅस्टर निघालं होतं, हात पूर्ण सरळ होत नव्हता. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “साहेब, केस मागे घेता येते का? ते पगार द्यायला तयार आहेत. सगळा, तिन्ही महिन्यांचा.”

म्हटलं, हे कलम आपसात मिटवायचं नाही, ठाण्यातून मागे घेता येत नाही. उच्च न्यायालयात रद्द करायला अर्ज करावा लागतो, त्याला वकील लागतो.

“त्याला किती लागतात?”

मी त्याला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेलो.