फोन नंबरचा रकाना

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात मी एचआर बघते. गाड्यांना लागणारे टर्निंगचे जॉब, म्हणजे लेथवर कापलेले सुटे भाग, बनवणारी आमची कंपनी, माणसं ऐंशीच्या आसपास. २०२३च्या मार्चमध्ये एका पॉलिटेक्निकला इंटर्नशिपचा प्रस्ताव द्यायला मी आणि आमचे फोरमन, ज्यांना सगळी कंपनी नाना म्हणते, असे दोघं गेलो होतो. मी अर्धा तास धरला होता. बाहेर पडलो तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते.

या प्रस्तावामागे आदल्या वर्षीची एक गोष्ट होती. मे महिन्यात याच कॉलेजची बारा मुलं आमच्याकडे सहा आठवड्यांसाठी आली होती. कागदपत्र म्हणजे कॉलेजचं एक पत्र आणि आमचं एक उत्तर, बस्स. चौथ्या दिवशी एका मुलाच्या तळहाताला चिप, म्हणजे कापताना निघणारी धातूची धारदार पट्टी, लागली. चार टाके पडले. तसं थोडक्यात निभावलं, पण ते कसं घडलं ते बघण्यासारखं होतं. सकाळी त्याला डिबरिंगला, म्हणजे जॉबच्या कडांवरचे धारदार बर काढायला, बसवलं होतं. तिथे बर लागू नये म्हणून कुणीतरी त्याला सुती हातमोजे दिले, ते बरोबरच होतं. दुपारी माणूस कमी पडला म्हणून त्याला लेथवर उभं केलं, आणि मोजे हातात तसेच राहिले. जॉब पकडून फिरणाऱ्या चकाजवळ मोजे घालायचेच नसतात, कारण कापड अडकलं की हात आत ओढला जातो. लांब सुटलेली चिपही हाताने नाही, हुकने काढायची असते. त्याला हे दोन्ही कुणी सांगितलं नव्हतं. डिबरिंगवाल्याला वाटलं लेथवाला सांगेल, लेथवाल्याला वाटलं कॉलेजात शिकवलं असेल.

त्याच्या वडिलांना कळलं रात्री, तेही मुलाकडूनच. दुसऱ्या दिवशी ते पेठहून एसटीने आले आणि एकच वाक्य बोलले, "मॅडम, तुमच्यापैकी कुणी फोन नाही केला?" आम्ही धरून चाललो होतो की कॉलेजने केला असेल.

म्हणून या वेळी मी पुढाकार घेऊन प्रस्ताव लिहिला. तीन पानं. 'विद्यार्थ्यांची सुरक्षितता ही दोन्ही संस्थांची संयुक्त जबाबदारी राहील', 'अनुभवी कर्मचाऱ्यांचे मार्गदर्शन मिळेल', 'मूल्यमापन परस्पर समन्वयाने होईल', अशी भाषा. मला तो चांगला वाटत होता, खरं सांगते.

प्राचार्य मॅडमनी वाचला आणि ट्रेनिंग-प्लेसमेंटच्या सरांकडे सरकवला. हे सर मूळचे वर्कशॉपमधले. त्यांनी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले: काम, करणार कोण, मोबाईल नंबर. मग माझ्या प्रस्तावातली पहिली ओळ पहिल्या रकान्यात उतरवली आणि विचारलं, "संयुक्त जबाबदारीचा नंबर काय लिहू?"

मी म्हटलं, "एचआर विभाग लिहा."

"विभागाला फोन लागत नाही, मॅडम."

तिथून सगळी तीन पानं त्या रकान्यांतून गेली. ज्या ओळीपुढे एकाच माणसाचा नंबर येत नव्हता, ती ओळ फोडायची किंवा काढून टाकायची. सुरक्षिततेच्या एका ओळीच्या पाच झाल्या. पहिल्या दिवशी मशीनसमोर सुरक्षेची माहिती देणं आणि मुलाची सही घेणं नानांकडे. बूट आणि गॉगल कंपनीचे, ते द्यायचे स्टोअरच्या माणसाने. एका कामावरून दुसऱ्यावर हलवायचं तर ते फक्त नाना हलवतील, आणि हलवताना त्या मशीनची माहिती परत देतील. अपघात झाला तर दवाखान्यात नेणं आणि पहिला खर्च माझ्याकडे. घरी फोनही मीच करायचा, अर्ध्या तासाच्या आत, आणि त्यानंतर कॉलेजला.

अपघात विम्यावर जरा ताणलं. आमच्या मालकांचं म्हणणं होतं की या मुलांना अप्रेंटिस म्हणू या, म्हणजे सगळं नियमात बसेल. सरांनी ते लगेच थांबवलं. अप्रेंटिस म्हणजे १९६१च्या कायद्याखालचा रीतसर नोंदलेला करार, त्याचं विद्यावेतन ठरलेलं, आणि काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर. आमची मुलं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सहा आठवडे येणारे विद्यार्थी. ते कामगार विम्याच्या ईएसआयसीत बसत नाहीत आणि अप्रेंटिसही नाहीत. म्हणजे मधल्या मध्ये उघडी. मग सहा आठवड्यांची गट अपघात पॉलिसी कॉलेजने काढायची, हप्ता कंपनीने भरायचा, आणि पॉलिसीची प्रत माझ्या हातात आल्याशिवाय एकही मूल गेटच्या आत घ्यायचं नाही असं ठरलं. यातल्या शेवटच्या वाक्यापुढे सरांनी माझा नंबर लिहिला.

"आता जन्मतारखा," सर म्हणाले आणि यादी काढली. मी आजवर इंटर्नची जन्मतारीख कधी मागितलीच नव्हती. डिप्लोमाची मुलं दहावीनंतर येतात, दोन वर्षं झाली की कुणी अठराचं असतं, कुणी सतरा. बारा नावांत तिघं अठराच्या आत निघाले. १९४८च्या कारखाने कायद्यात अठराच्या आतल्याला सर्टिफाइंग सर्जनचं फिटनेस सर्टिफिकेट लागत होतं, आणि धोक्याच्या मशीनवर वेगळी बंधनं होती. विद्यार्थी हा 'कामगार' ठरतो की नाही यावर वकिलांनी खुशाल भांडावं. चकाला ते कळत नाही. तिघांना मशीनवर घ्यायचं नाही, इन्स्पेक्शनला बसवायचं आणि सर्टिफिकेट तरीही काढून घ्यायचं, असं मी तिथल्या तिथे लिहून दिलं. (आदल्या वर्षीच्या त्या मुलाचं वय घरी येऊन बघितलं. अपघाताच्या दिवशी अठरा पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. मी किती वेळ त्या कागदाकडे बघत बसले कोण जाणे.)

खरी अडचण आली ती 'अनुभवी कर्मचाऱ्यांचे मार्गदर्शन' या ओळीवर. सरांनी विचारलं, रोज किती वेळ? मी नानांकडे बघितलं. नाना तोवर गप्प होते.

"नीट शिकवायचं तर एका पोराला मशीन लावणाऱ्या सेटरचा रोज एक तास जातो," ते म्हणाले. "पहिले पंधरा दिवस तर जातोच. बारा पोरं म्हणजे बारा तास. जनरल शिफ्टला माझ्याकडे सेटर तीन. प्रत्येकाचे चार तास पोरांवर गेले तर सेटिंग कोण करणार? मशीन उभं राहतं, मग संध्याकाळी मला विचारतात जॉब का कमी निघाले. मग सेटर काय करतो? पोराला म्हणतो, तू झाडू मार."

कॉलेजवाले खिन्न हसले. त्यांना हे माहीत असणार.

तिथूनच मालकांना फोन लावला. नानांनी मांडलेला हिशोब असा होता: एका सेटरकडे दोन मुलं, म्हणजे मशीनवर सहा. इन्स्पेक्शनला दोन. एकूण आठ. आणि प्रत्येक सेटरच्या रोजच्या टार्गेटमधून दोन तासांचे जॉब कमी धरायचे. मालक म्हणाले, "मुलं बारा घ्या, टार्गेट मात्र तेच ठेवा." नानांनी फोन माझ्या हातातून घेतला. "साहेब, मग पोरं नकोत. गेल्या वर्षीसारखी हातात मोजे घालून उभी करायची नाहीत मला." पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग मालकांनी विचारलं, सहा आठवडेच ना? रविवार सोडून छत्तीस दिवस, मी म्हटलं. तेवढ्यावर होकार आला, आणि तक्त्यात टार्गेट कमी करण्याच्या ओळीपुढे मालकांचा स्वतःचा नंबर गेला.

याची किंमत कॉलेजने मोजली. चार मुलं उरली, त्यात तिसरा अठराच्या आतलाही आला, कारण इन्स्पेक्शनला जागा दोनच. उन्हाळ्याची सुट्टी तेवढीच, दुसरी तुकडी पाठवायला आठवडे नव्हते. सर म्हणाले, "चौघांसाठी सातपूरच्या कारखान्यांत फिरतो." चेहऱ्यावर नाराजी होती. बारा मुलांची एकाच ठिकाणी सोय झाली असती तर त्यांचाही महिना सुखात गेला असता.

मूल्यमापनाचं त्यामानाने लवकर उरकलं, पण त्यात माझी पुरती शोभा झाली. सरांनी गेल्या वर्षीचे आमचेच बारा फॉर्म समोर ठेवले. बाराही 'उत्कृष्ट', एकाच पेनाने, एकाच तारखेला. टाके पडलेला मुलगा आठवडाभर घरी होता, तोही 'वक्तशीरपणा: उत्कृष्ट'. अक्षर माझंच होतं. आता गुण कॉलेज देणार, कंपनी फक्त मुलाला काय आलं ते सांगणार. सेटरने तीनच गोष्टींवर सही करायची: ड्रॉइंग वाचून टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो, सांगता येतो का, मायक्रोमीटरने दहा जॉब मोजले तर आकडा इन्स्पेक्टरच्या आकड्याशी ०.०१ मिलिमीटरच्या आत जुळतो का, आणि सेटर शेजारी उभा असताना मशीनमधला ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, बदलून जॉब मापात आणता येतो का. इन्स्पेक्शनच्या दोघांना तिसऱ्याऐवजी गेजची तपासणी. 'नाही' लिहायला मुभा.

वेळेचं मी सकाळी सातची शिफ्ट लिहिलं होतं. प्राचार्य मॅडमनी तेवढं एकच विचारलं, दिंडोरीहून येणारं मूल सातला अंबडला कसं पोचणार? नऊ ते साडेपाच झालं. बसपास आणि कॅन्टीनचं जेवण कंपनीकडून, महिना तीन हजार थेट मुलाच्या खात्यात. शॉपमध्ये मोबाईल नाही, कारण ड्रॉइंग ग्राहकाचं असतं. साडेपाचला गेटबाहेर पडल्यावर जबाबदारी कॉलेजची, नंबर सरांचा.

मे महिन्यात आठ मुलं आली. तिसऱ्या दिवशी रात्री सव्वाआठला मला फोन आला. सुरगाण्याहून एका मुलाची आई. "मॅडम, पोरगा रूमवर पोचला नाही, फोन बंद लागतोय." तक्त्याप्रमाणे हा फोन सरांना जायला हवा होता. पण तक्त्यात पहिला नंबर माझा, म्हणून तिने तोच फिरवला होता. मी सरांना फोन केला, सरांनी हॉस्टेलच्या मुलांना. आणखी दोघांबरोबर तो त्रिमूर्ती चौकात मिसळ खात बसला होता, मोबाईलची बॅटरी संपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्ता परत टाईप केला. साडेपाचनंतरची ओळ सगळ्यात वर घेतली, आणि आठ प्रती काढून मुलांच्या हाती घरी पाठवल्या.