स्प्रिंगची लांबी बरोबर, तरी दांडा बसेना

जळगावात माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. रावेरच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या फवारणी ट्रॉलीवर झडपेची स्प्रिंग तुटली, म्हणून त्यांनी तुकडे आणून दिले. मी वायर मोजली, ४ मिमी. वेढे १०, फ्री लेंथ म्हणजे न दाबता लांबी ८० असं कागदावर लिहून स्प्रिंगवाल्याकडे दिलं. स्प्रिंग आली, व्हर्निअरवर ८० भरली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "भाऊ, झडपेचा दांडा पूर्ण बसतच नाही."

दांडा दाबल्यावर स्प्रिंगला राहणारी जागा ४३ मिमी. माझा हिशोब होता की १० वेढे एकमेकांना टेकले की १० गुणिले ४, म्हणजे ४० मिमी, म्हणजे ३ मिमी शिल्लक. स्प्रिंग व्हाइसमध्ये पूर्ण आवळून मोजली, तर ४४!

टोकं बघितली तेव्हा उलगडा झाला. शेवटचे वेढे मिटवलेले, म्हणजे शेजारच्या वेढ्याला टेकवलेले होते, पण ग्राइंड करून, म्हणजे घासून सपाट केलेले नव्हते. वायरच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मध्य १० वेळा ४ मिमी वर सरकतो, आणि वर-खाली अर्धी अर्धी वायर जास्तीची उरते. म्हणून अशा टोकांची सॉलिड हाइट, म्हणजे पूर्ण दाबल्यावरची उंची, (वेढे + १) × वायर येते. ग्राइंड केलं की दोन्हीकडची ती अर्धी वायर जाते आणि मग ४० भरतं. माझ्या कागदावर ग्राइंडचा शब्दच नव्हता.

मग फ्री लेंथही पुन्हा मांडली. दोन्ही टोकांचे वेढे मिटलेले, म्हणजे काम करणारे ८. पिच म्हणजे एका वेढ्यापासून पुढच्या वेढ्यापर्यंतचं अंतर. ग्राइंड टोकांची फ्री लेंथ म्हणजे पिच × ८ अधिक दोन वायर, विनाग्राइंडची पिच × ८ अधिक तीन वायर. आलेल्या स्प्रिंगची पिच (८० − १२) ÷ ८, म्हणजे ८.५ होती. तीच घासून आणली असती तर सॉलिड हाइट ४० झाली असती, पण लांबी ७६ वर उतरली असती. मग दांडा बसल्यावर दाब ३७ ऐवजी ३३ मिमीचाच, झडप सैल. म्हणून ९ पिचची, ग्राइंड केलेली नवीन स्प्रिंग मागवली: ९ × ८ + ८ = ८०.

पिच मोजताना वेढ्यांमधली फट धरायची नाही, ती नवीन स्प्रिंगवर ५ मिमीच होती. एका वेढ्याच्या माथ्यापासून मोजून पुढच्या चौथ्या वेढ्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर, ३६ आलं, त्याला ४ ने भागलं. वेढे मोजायला वायरच्या टोकाशी खडूची रेघ ओढायची आणि तिथूनच फेरे धरायचे. बाजूने नुसतं बघून एक वेढा हमखास चुकतो. आणि वायरवरचा रंग खरवडूनच मायक्रोमीटर लावायचा, कारण ०.०५ ची चूक दहा वेढ्यांत अर्धा मिमी होते.

नवीन स्प्रिंग व्हाइसमध्ये ४०.२ भरली. रावेरला नेऊन मीच बसवली, दांडा टेकला.