गोंदिया ते नागपूर, सोळा महिन्यांच्या फेऱ्या

मूल व्हावं म्हणून घेतलेल्या उपचारांची पहिली फेरी मे महिन्यात झाली. सकाळच्या गाडीने गोंदियाहून निघालो, सोबत बायको आणि नऊ वर्षांच्या रिपोर्टांची पिशवी. नागपूरला उतरलो तेव्हा दहाही वाजले नव्हते, पण फलाट तापला होता. धंतोलीत हार्मोनच्या डॉक्टर मॅडमचा दवाखाना, तिथे जायला मेट्रो बरी पडते. सीताबर्डीला गाडी बदलायची, नारंगी लाइनीवर काँग्रेसनगरला उतरायचं आणि तिथून चालत जायचं.

माझी कथा थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या वर्षीही मिसरूड फुटली नव्हती, आवाज मुलींसारखा. तेव्हा एका डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं. दाढी आली, आवाज फुटला, घरचे निर्धास्त झाले. सव्विसाव्या वर्षी लग्न झालं. दोन वर्षांनी वीर्याची तपासणी केली तर शुक्राणू शून्य. तोवर मला कोणी सांगितलंच नव्हतं की बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने दाढी येते, पण वृषणं वाढत नाहीत. त्यांना जागं करायला मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन यावे लागतात, आणि माझ्यात तेच येत नव्हते.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "वास येतो का?" मी म्हणालो, "कधीच नाही." मला वाटायचं सर्दीचा त्रास आहे. त्यांनी कागदावर नाक आणि मेंदू काढून समजावलं. गर्भात असताना, पिट्युटरीला इशारा देणाऱ्या पेशी नाकाच्या भागात तयार होतात आणि वासाच्या नसांच्या वाटेने मेंदूत जातात. ही वाटच नीट तयार झाली नाही तर वासही जातो आणि वयात येणंही थांबतं. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. एमआरआयमध्ये वासाचे कंद दिसले नाहीत. बाकीचे पिट्युटरी हार्मोन ठीक होते, गाठ वगैरेही नव्हती. मग त्यांनी लाकडी मण्यांची माळ काढली. मणी लहान-मोठे, प्रत्येकावर मिलिलिटरचा आकडा. हाताने चाचपून वृषण कोणत्या मण्याएवढं आहे ते बघतात. माझं ३ मिली निघालं. चारच्या खाली म्हणजे वयात येण्याआधीचं माप. प्रौढ पुरुषाचं साधारण १५च्या पुढे असतं.

ठरलं असं : टेस्टोस्टेरॉन बंद, आधी चार महिने फक्त एफएसएच, १५० युनिट, आठवड्यातून तीनदा. त्यानंतर त्यात एचसीजीची भर. एचसीजी हे खरं तर गर्भवतीच्या शरीरात बनणारं हार्मोन आहे, पण ते एलएचचं काम करतं आणि वृषणाला स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. आधी एफएसएच कशासाठी? शुक्राणूंना सांभाळणाऱ्या पेशींची संख्या वाढायची असते, आणि वृषणात टेस्टोस्टेरॉन जोरात बनू लागलं की त्यांची वाढ थांबून त्या पक्व होतात. ज्यांची वृषणं इतकी लहान असतात त्यांना या क्रमाचा फायदा होतो. सगळ्यांना असंच देत नाहीत. माझ्या जागी चुलतभाऊ असता तर त्याचा डोस वेगळा असता, तेव्हा माझे आकडे उतरवून घेऊ नका.

हे चार महिने सगळ्यात वाईट गेले. टेस्टोस्टेरॉन बंद, त्याऐवजी काही नाही. दुपारी झोप यायची, चिडचिड, इच्छा तर नाहीच. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, म्हणून बायकोलाही माहीत होतं. तुम्ही हा टप्पा घेणार असाल तर घरी सांगून ठेवा.

आता प्रवासाचं. एफएसएच २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि मेमधलं नागपूर ४५ अंशांचं. आम्ही तोंड रुंद असलेला थर्मास घेतला. तळाशी बर्फाची पिशवी, वर जाड नॅपकिन, त्यावर औषधाचे खोके. बर्फाला थेट लागू द्यायचं नाही, गोठलं तर औषध वाया जातं. परतीच्या गाडीत डबा खिडकीकडे ठेवायचा नाही. घरी फ्रीजच्या दारात नाही, मधल्या खणात. औषध दुकानात "बाईंसाठी का?" असं हमखास विचारतात, कारण खोक्यावर तसंच लिहिलेलं असतं. मी "हो" म्हणून मोकळा व्हायचो. एफएसएच एचसीजीपेक्षा बरंच महाग पडतं. लघवीपासून शुद्ध केलेलं स्वस्त, कृत्रिमरीत्या बनवलेलं महाग. मी पहिलंच घेतलं.

सप्टेंबरात वृषण ५ मिली झालं आणि एचसीजी सुरू झालं, १५०० युनिट, आठवड्यातून दोनदा, पोटाच्या कातडीखाली. इथे माझी चूक झाली ती सविस्तर सांगतो. पावडरची कुपी ५००० युनिटची. ती १ मिली जंतुरोधक पाण्यात विरघळवायची, म्हणजे एका डोसला ०.३ मिली. (खोक्यात आलेलं साधं सलाइन वापरलं तर उरलेलं औषध ठेवता येत नाही, हे विचारून घ्या.) चिठ्ठीवर लिहिलं होतं, "३० खुणा". ते नारिंगी टोपीच्या १००च्या सिरिंजसाठी होतं. आमच्या गावात मिळाली लाल टोपीची, ४०ची. तिच्यात १ मिलीला चाळीसच खुणा असतात. ३० खुणा म्हणजे ०.७५ मिली, म्हणजे ३७५० युनिट. १२ खुणा घ्यायला हव्या होत्या. कळलं कसं? कुपी तीन डोसला पुरायला हवी होती, दुसऱ्याच वेळी तळ दिसला. आठवड्याभरात स्तनाग्रं दुखू लागली, कारण जास्त एचसीजीने टेस्टोस्टेरॉनबरोबर इस्ट्रोजेनही वाढतं. फोन केला, डोस नीट केला, दुखणं महिन्यात गेलं. चिठ्ठीवर खुणा नाही, मिलिलिटर लिहून मागा.

पुढच्या फेऱ्या सोप्या होत्या. सकाळी रक्त, मग मण्यांची माळ, मग सीताबर्डीत तर्री पोहे. मला तर्रीचा वास येत नाही, तिखट मात्र कळतं. रक्तात टेस्टोस्टेरॉनशिवाय हिमॅटोक्रिटही बघतात, रक्त घट्ट होऊ नये म्हणून. वीर्याचा नमुना दर तीन महिन्यांनी, कारण एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात. नमुना तासाभरात तपासायला जावा लागतो, गोंदियाहून डबीत आणून चालत नाही. दोन ते पाच दिवसांचा खंड ठेवून या आणि तिथेच द्या.

दहाव्या महिन्यात रिपोर्टवर पुन्हा शून्य. मॅडम म्हणाल्या, "सेंट्रिफ्यूज करून गाळ बघितला का विचारा." बघितला नव्हता. पुन्हा दिला, गाळात तीन-चार शुक्राणू दिसले. तेराव्या महिन्यात मिलिलिटरला ३० लाख आणि वृषण ९ मिली. सर्वसामान्य पुरुषात किमान साधारण दीड कोटी अपेक्षित असतात, तरी या आजारात त्याच्या बऱ्याच खाली असतानाही गर्भ राहतो. त्याच दिवशी थोडा नमुना गोठवून ठेवला. ज्यांचं लहानपणी वृषण खाली उतरलेलं नव्हतं, त्यांना जास्त वेळ लागतो आणि यशही कमी येतं. माझं ते ठीक होतं.

एकदा गंमत म्हणून घरची गर्भचाचणीची पट्टी मी माझ्या लघवीवर लावली होती. दोन रेघा आल्या. एचसीजीच ते, येणारच. बायको दोन दिवस हसत होती.

सोळाव्या महिन्यात तिने पट्टी लावली आणि बाथरूमच्या दारातूनच विचारलं, "अहो, हा कप तुम्ही वापरला नव्हता ना?"